ओळख करून दे म्हणताना: जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल

प्रश्न: मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर बोलणं गेलेल्या, म्हणजे अफेजिया झालेल्या रुग्णांसाठी घरी करायच्या सरावाची एक वही मी तयार केली आहे. एका ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना तिच्याबद्दल विचारायचं आहे, पण त्यांना क्षणाची फुरसत नसते. माझा एक जुना मित्र त्यांच्या विभागात शिकला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला मेल टाक, मी जसाच्या तसा पुढे पाठवतो." तेव्हापासून लिहितेय आणि खोडतेय. त्याला लिहू की मॅडमना? आणि नेमकं काय लिहू?

उत्तर:

मेल मित्राला उद्देशून लिहा, पण मॅडम वाचणार आहेत हे धरून लिहा. आणि मित्राला जे फक्त त्याच्याशी बोलायचं आहे ते त्या मेलमध्ये अजिबात नको, ते वेगळ्या मेसेजमध्ये. म्हणजे मजकूर एक नाही, दोन आहेत. तुमची खोडाखोड चालली आहे ती बहुतेक दोन्ही एकातच बसवायला बघताय म्हणून.

मी बरीच वर्षं एका विभागप्रमुखांच्या कार्यालयात त्यांची पत्रं आणि मेल आधी वाचून त्यांच्यापुढे ठेवण्याचं काम केलं. पुढे स्वतःच अनेकांच्या ओळखी करून देण्याची वेळ येत गेली. त्यामुळे असा मेल कुठे अडकतो ते दोन्ही टोकांकडून पाहिलं आहे. बहुतेकांना वाटतं, तो मोठ्या माणसाच्या इनबॉक्समध्ये अडकतो. प्रत्यक्षात तो फार वेळा मधल्या मित्रापाशीच अडकतो.

याचं एक जुनं उदाहरण आहे. ओळखीतून ओळखीकडे कागद पुढे सरकवत एका अनोळखी माणसापर्यंत पोचवायचा, असा प्रयोग ट्रॅव्हर्स आणि मिलग्रम या दोन अमेरिकन संशोधकांनी केला होता. त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला २९६ जण होते आणि शेवटच्या माणसापर्यंत ६४ साखळ्या पोचल्या. हा प्रयोग लोकांच्या लक्षात आहे तो पोचलेल्या साखळ्या किती छोट्या होत्या त्यासाठी. मला मात्र त्यातल्या न पोचलेल्या साखळ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या तुटल्या कारण कुठल्यातरी टप्प्यावर कागद कुणाच्यातरी हातात राहिला, पुढे गेलाच नाही.

तुमच्या मित्राच्या हातात मेल का राहील? मनात नाही म्हणून क्वचितच. मेल उघडला, दोन ओळी वाचल्या, आणि लक्षात आलं की हे असंच पाठवता येणार नाही: यातलं एक वाक्य काढावं लागेल, वर चार ओळी समजावून लिहाव्या लागतील. मग तो मनाशी म्हणतो, रात्री निवांत बसून पाठवू. ती रात्र येत नाही. आठवड्याने त्याला उशिराचीच लाज वाटू लागते आणि मग तो विषयच टाळतो. "जसाच्या तसा" हे तो सहज बोलून गेला असेल, पण तुम्ही ती अट समजा. त्याला एक अक्षरही बदलावं लागता कामा नये.

आता पहिला मजकूर, फक्त मित्रासाठी. हा फोनवर मेसेज म्हणून जाऊ दे, मेलमध्ये नको. मॅडमचं नाव इथे मी अबक धरते आणि तुमचं कखग.

"अरे, अबक मॅडमसाठीचा मेल तुला वेगळा पाठवलाय. आधी वाच आणि पाठवावासा वाटला तरच पाठव. त्या सध्या कुठल्या गडबडीत आहेत, तुझं त्यांच्याकडे दुसरं काही काम अडलंय का, हे तुला माहीत, मला नाही. 'आत्ता नको' म्हणालास तर मी कारण विचारणार नाही. आणि एक कर, त्या हो म्हणेपर्यंत आम्हा दोघींना एका मेलमध्ये जोडू नकोस."

यातली "आत्ता नको म्हणालास तर" ही ओळ केवळ सौजन्याची नाही. तुमचा मित्र मॅडमकडे जाताना स्वतःची पत खर्च करणार आहे. कदाचित पुढच्याच महिन्यात त्याला त्यांच्याकडून शिफारसपत्र हवं असेल, कदाचित मागच्या वेळी त्याने पाठवलेल्या माणसाने त्यांचा वेळ फुकट घालवला असेल. हे तो तुम्हाला सांगणार नाही. नकाराची वाट आधीच मोकळी करून दिली की तो एक तर मनापासून पाठवतो, नाही तर स्पष्ट नाही म्हणतो. दोन्ही तुमच्या फायद्याचं. तोट्याचा असतो तो अर्ध्या मनाने दिलेला होकार.

शेवटची ओळही विसरू नका. उत्साही मित्र पुष्कळदा दोघांना एका मेलमध्ये घालून "तुमची ओळख करून देतो" म्हणतात आणि मोकळे होतात. मग त्या मॅडमना तुमच्या देखत नाही म्हणावं लागतं. ते अवघड, म्हणून त्या उत्तरच देत नाहीत, आणि तुमच्या मित्रावर मनातून जराशा नाराज होतात. आधी त्यांना एकटीला विचारायचं, त्या हो म्हणाल्या की मगच जोडायचं.

आता मेल. साधारण लोक कसा लिहितात ते आधी दाखवते, कारण यातल्या प्रत्येक वाक्यामागे हेतू चांगलाच असतो:

"विषय: एक मदत हवी होती

अरे कसा आहेस? परवा फोन करायचा राहूनच गेला. तू म्हणाला होतास ना की मॅडम जरा कडक आहेत पण तुझं ऐकतात, म्हणून तुलाच सांगतेय. मी स्ट्रोकच्या पेशंटसाठी एक आगळावेगळा उपक्रम सुरू केला आहे. त्यासंदर्भात मॅडमचं अमूल्य मार्गदर्शन लाभलं तर फार बरं होईल. त्यांना सवड मिळेल तेव्हा एकदा भेटायला आवडेल. सोबत वहीची पीडीएफ, माझा बायोडेटा आणि दोन लेख जोडलेत. बघ जमतंय का."

"कडक आहेत" हे वाक्य पुढे जाऊ शकत नाही, ते लगेच दिसतं. पण ते काढलं तरी हा मेल चालणार नाही, कारण खरी अडचण "मार्गदर्शन" मध्ये आहे. मॅडमच्या बाजूने वाचून बघा. त्यांनी करायचं काय? वही वाचायची, भेटायचं, सल्लागार म्हणून नाव द्यायचं की रुग्ण पाठवायचे? त्या विचारतील ते मित्राला, आणि मित्रालाही ठाऊक नसेल. मी पत्रं वाचायचे तेव्हा "मार्गदर्शन लाभावे" असलेली पत्रं एका वेगळ्या फाइलमध्ये जात, आणि ती फाइल सहसा उघडली जात नसे. पत्रं लिहिणारी माणसं चांगलीच असायची, पण ज्या विनंतीला हो किंवा नाही म्हणता येत नाही तिच्यावर निर्णय कसा घेणार? "सवड मिळेल तेव्हा" याचंही तसंच. लिहिणाऱ्याला ते नम्र वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की याची घाई नाही, म्हणून ते सगळ्यात खाली जातं.

आता तोच मेल असा:

"विषय: अबक मॅडमशी ओळखीची विनंती: अफेजियाच्या रुग्णांचा थकवा, एक प्रश्न, १५ मिनिटं (कखग, स्पीच थेरपिस्ट)

नमस्कार,

अबक मॅडमशी माझी ओळख करून देशील का? मला त्यांच्याशी १५ मिनिटं फोनवर बोलायचं आहे.

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि गेली ८ वर्षं स्ट्रोकच्या रुग्णांबरोबर काम करते. अफेजिया झालेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मी ४० पानांची सरावाची वही केली आहे. सध्या १२ कुटुंबं ती वापरून बघत आहेत.

त्यांपैकी ७ घरांत तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सराव थांबला. रुग्ण दमतो म्हणून घरचे थांबतात. हा थकवा कधी स्वाभाविक समजावा आणि कधी डॉक्टरांना दाखवावं, हे घरच्यांना कळेल अशा भाषेत वहीत घालायचं आहे. ते मी माझ्या अधिकारात लिहू नये असं मला वाटतं. गेल्या वर्षीच्या परिषदेत मॅडम स्ट्रोकनंतरच्या थकव्यावरच बोलल्या होत्या आणि घरच्यांना तो आळस वाटतो हे त्यांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनाच विचारावंसं वाटलं.

थकव्याबद्दलची दोन पानं या लिंकवर आहेत. बाकीची वही वाचायची गरज नाही.

फोनला वेळ नसेल तर या दोन पानांत काही चुकीचं आहे का, एवढं कळलं तरी माझं काम होईल. विभागातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं असं मॅडमनी सुचवलं तरी चालेल. वही पुढच्या महिन्याच्या ३० तारखेला छापायला जाते. त्याआधी जमण्यासारखं नसेल तर तसं कळवलं तरी पुरे.

कखग
स्पीच थेरपिस्ट
मोबाइल, ईमेल"

आकडे आणि परिषद मी कल्पून घातली आहेत, तिथे तुमचं खरं घाला. पण आकडे असू द्या. "अनेक कुटुंबं" लिहिण्यापेक्षा १२ लिहिलेलं बरं, मग ते १२ कितीही कमी वाटोत. "१२ पैकी ७ घरांत थांबलं" हे वाचताच मॅडमना कळतं की ही बाई मोजते आणि लपवत नाही. "आगळावेगळा उपक्रम" मधून ते कळत नाही. स्वतःच्या कामाला विशेषणं लावूच नका. ती तुमच्या मित्राने लावायची, कारण त्याच्या तोंडून आली तरच त्यांना वजन असतं.

पहिलं वाक्य मित्राला उद्देशून आहे, "करून देशील का". ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. पुष्कळांना वाटतं, मॅडमनाच वाचायचं आहे तर "आदरणीय मॅडम" म्हणून थेट त्यांनाच का लिहू नये? कारण मग मित्र नुसता टपाल पोचवणारा होतो आणि ओळखीचा अर्थच उरत नाही. शिवाय मॅडमवर उत्तराचं ओझं थेट येतं. मित्राला लिहिलेलं पत्र त्या जरा लांबून, मोकळेपणी वाचू शकतात. नाही म्हणायचं झालं तर ते मित्राला म्हणायचं आहे, तुम्हाला नाही. तुमचं आणि मित्राचं अरे-तुरे आहे तर ते राहू द्या, ओळख खरी आहे हे त्यातूनच दिसतं. फक्त "अरे कसा आहेस" तेवढं मेसेजमध्ये जाऊ द्या, आणि मॅडमचा उल्लेख सगळीकडे त्या समोर बसल्या आहेत अशा आदराने करा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो "त्यांनाच का" या वाक्यावर. ते जमलं की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे. मेलमधून अबक हे नाव काढून दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्टचं नाव घाला आणि वाचा. मेल तसाच नीट वाचता आला तर कारण लिहून झालेलं नाही. "आपण या क्षेत्रातील नामवंत आहात" हे कुठल्याही नावापुढे बसतं. परिषदेतलं ते बोलणं एकाच नावापुढे बसतं. असं काही सापडत नसेल तर थांबून विचार करा, कदाचित तुम्हाला याच मॅडम हव्यात असं नाहीच. अशा वेळी विभागातल्या एखाद्या तरुण डॉक्टरांकडे गेलात तर काम लवकर होईल.

प्रश्नाचा आकारही बघा. व्यस्त माणसाला विचारायचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे, शोधावं लागणार नाही. "थकवा स्वाभाविक कधी आणि काळजीचा कधी" हे त्या रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार. "वही कशी वाटली" याचं उत्तर द्यायला मात्र ४० पानं वाचावी लागतील, मत बनवावं लागेल आणि तुम्हाला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत मांडावं लागेल. दुसरा प्रश्न दिसायला छोटा आहे, पण काम त्यातच जास्त आहे.

शेवटच्या परिच्छेदात मी उतरत्या क्रमाने तीन पर्याय ठेवले: फोन, दोन पानांवर नजर, नाहीतर दुसऱ्याचं नाव. माझ्या पाहण्यात, वेळ खरोखरच कमी असलेली माणसं पुष्कळदा तिसराच निवडतात, आणि त्यातून काम चांगलं होतं, कारण ज्यांच्याकडे तुम्हाला पाठवलं जातं ते "मॅडमनी सांगितलंय" म्हणून वेळ काढतात. पण तो पर्याय तुम्हीच लिहिला नाहीत तर त्या सुचवायला कचरतात. समोरच्याला खालच्या माणसाकडे ढकलल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं.

लांबी म्हणाल तर विषय सोडून दीडशे ते पावणेदोनशे शब्द. वरचा मेल त्याच्या आसपास आहे आणि याहून मोठा नको. त्या हा मेल बहुधा फोनवर, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात वाचणार आहेत. आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडा. दोनदा बोट फिरवून शेवट आला पाहिजे, आणि न सरकवता दिसणाऱ्या भागात तुम्ही कोण आणि काय हवंय हे दोन्ही आलेलं असलं पाहिजे.

आता पुढे पाठवताना प्रत्यक्ष काय होतं ते बघू. इथे चांगले लिहिलेले मेलही फसतात.

हा मेल नवा कोरा सुरू करा. मित्राशी आधी चाललेल्या मेलला उत्तर म्हणून लिहिलात तर पुढे पाठवताना खालचं सगळं जुनं बोलणं सोबत जातं. त्यात "त्यांना कसं पटवायचं" अशी एखादी ओळ असतेच.

मित्राने मेल पुढे पाठवला आणि मॅडमनी "रिप्लाय" दाबला की उत्तर मित्राकडे जातं, तुमच्याकडे नाही. बहुतेक वेळा ते बरंच असतं. पण काही माणसांना थेट तुम्हाला फोन करून मोकळं व्हायचं असतं, म्हणून तुमचं नाव, मोबाइल आणि ईमेल मजकुरात स्वतंत्र ओळींवर टाइप केलेलं असू दे. वर "फ्रॉम" मध्ये दिसतंच आहे यावर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे मजकूर पुढे ढकलला की त्यावर "फॉरवर्डेड" एवढं लेबल येतं, मूळ लिहिणाऱ्याचं नाव किंवा नंबर दिसत नाही. सही नसेल तर मॅडमना तो मजकूर नेमका कुणाचा तेच कळणार नाही. "माझी ओळख करून देशील का" मधली "मी" म्हणजे कोण, हा प्रश्न तसाच राहील.

लिंक एकच ठेवा आणि ती कुणालाही उघडेल अशी परवानगी दिली आहे का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. मॅडमनी दाबलं आणि "परवानगी मागा" असं पान आलं तर त्या परवानगी मागणार नाहीत, फोन खिशात ठेवतील. पीडीएफ जोडू नका, मित्राने मेलऐवजी मजकूर कॉपी करून पाठवला तर ती मागेच राहते. आणि लिंकच्या त्या दोन पानांत रुग्णांची नावं किंवा फोटो नाहीत ना, हे तुमच्या पेशात तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण पाठवण्याआधी एकदा बघाच.

विषयाची ओळही अशीच. पुढे पाठवताना ती आपोआप तशीच जाते, आधी फक्त "Fwd:" लागतं. "एक मदत हवी होती" हा विषय मित्रासाठी ठीक होता, मॅडमच्या इनबॉक्समध्ये तो कुणाचा, कशाचा, काहीच कळत नाही. म्हणून विषय पहिल्यापासून त्यांच्यासाठी लिहायचा.

मित्राने वर काय लिहावं? एक-दोन ओळी, त्याच्या स्वतःच्या. त्याने विचारलं तर तुम्ही वस्तुस्थिती देऊ शकता: किती वर्षांची ओळख, कुठे एकत्र काम केलं. "माझी स्तुती कर" हे मात्र नको, आणि त्याच्या वतीने वाक्यं लिहून देणंही नको. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायला लावली की ती वाचताना कळते. बेंजामिन फ्रँकलिनकडे पॅरिसमध्ये अमेरिकेला जाणारे अनोळखी लोक शिफारसपत्रं मागत. कंटाळून त्याने १७७७ मध्ये अशा पत्राचा एक नमुनाच लिहून ठेवला. त्याचा आशय असा, की हे पत्र घेऊन येणाऱ्याला मी ओळखत नाही, त्याचं नावही मला माहीत नाही, त्याच्या गुणांबद्दल त्यालाच विचारा. तुमच्या मित्राने तुमचं काम पाहिलं नसेल तर त्याला आधी ती दोन पानं वाचू द्या. "मी हिला शाळेपासून ओळखतो, वही मी पाहिली आहे, काम नीट आहे" एवढं तो खरेपणाने लिहू शकला की पुरे.

आता पाठवून झालं आणि शांतता आहे. आठवडाभर काही करू नका. मग मित्राला एकदाच विचारा, आणि "मॅडम काय म्हणाल्या" असं नको. त्याने पाठवलाच नसेल तर तो ओशाळेल. "मेल पाठवायचा राहिला असेल किंवा नको वाटत असेल तर निःसंकोच सांग, मी दुसरीकडे विचारते" असं लिहा. यावर तो "पाठवलाय, त्यांचं उत्तर नाही" म्हणाला तर मॅडमकडून नकार आला असं धरा. त्याने स्वतःहून म्हटलं तरच त्याला एकदा आठवण करू द्या. "पाठवतो, पाठवतो" हे दुसऱ्यांदा आलं तर त्याला पाठवायचं नाहीये, फक्त तोंडाने म्हणवत नाहीये. तिथे विषय सोडून द्या आणि त्यालाही तसं कळवा, म्हणजे मैत्रीत अवघडलेपण राहणार नाही.

या काळात दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, त्याचं नाव घेऊन मॅडमना स्वतः थेट लिहिणं. त्याने कदाचित विचारपूर्वक थांबवलं असेल आणि तुम्ही त्याला तोंडघशी पाडाल. दुसरी, त्याच मॅडमसाठी आणखी एका ओळखीच्या माणसाला कामाला लावणं. तोच मजकूर दोन वाटांनी त्यांच्याकडे पोचला की तो विनंतीसारखा न वाटता मोहिमेसारखा वाटतो, आणि दोन्ही मित्रांना वाटतं की आपल्यावर विश्वास नव्हता.

मॅडम हो म्हणाल्या आणि मित्राने तुम्हा दोघींना जोडणारा मेल टाकला, की त्याच दिवशी उत्तर द्या, शक्यतो तासा-दोन तासांत. उत्तराला तीन दिवस लागले तर तुमची गरज एवढी नव्हतीच असा अर्थ निघतो. उत्तरात मित्राचे आभार मानून त्याला "बीसीसी" मध्ये हलवा आणि तसं पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळा ठरवण्याच्या देवाणघेवाणीतून त्याची सुटका होईल:

"आभार, तुला बीसीसीत हलवतेय. मॅडम, वेळ दिल्याबद्दल मनापासून आभार. मंगळवारी सकाळी ८ ते ९, बुधवारी संध्याकाळी ७ नंतर किंवा शनिवारी कधीही मी फोन करू शकते. यातली कुठली वेळ चालेल किंवा दुसरी सोयीची असेल ती कळवा. फोन मी करेन. प्रश्न तोच, थकव्याच्या दोन पानांचा."

"कधी बोलू शकतो?" असं विचारून वेळ शोधण्याचं काम त्यांच्यावर टाकू नका. फोनवर १५ मिनिटं झाली की स्वतःच म्हणा, "वेळ झाली, थांबते." त्यांना पुढे बोलायचं असेल तर त्या बोलतील. वही तपासून द्याल का, प्रस्तावना लिहाल का, हे त्या फोनवर विचारू नका. मित्राने १५ मिनिटांच्या एका प्रश्नासाठी शब्द टाकला होता, बाकीच्यासाठी नाही.

फोननंतर मित्राला दोन ओळी कळवा: काय झालं, त्यातून वहीत काय बदललं. हे बहुतेक जण विसरतात. मग त्याला महिन्याभराने मॅडमकडूनच कळतं की तुमचं बोलणं झालं, आणि तेव्हा त्याच्याकडे बोलायला काही नसतं.

आणि मॅडमनी विभागातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं, तर त्यांना मॅडमसाठी लिहिलेला मेल नुसता पुढे ढकलू नका. त्यांच्यासाठी नवा मेल लिहा. पहिल्या ओळीत "मॅडमनी तुमचं नाव सुचवलं" एवढं सांगा, मग तोच प्रश्न, तीच दोन पानं, तीच तारीख. परिषदेचं वाक्य मात्र काढा, ते मॅडमसाठी होतं. त्याजागी हे डॉक्टर रोज काय बघतात त्यातलं काही येऊ द्या, उदाहरणार्थ रुग्ण घरी जाताना नातेवाइकांशी तेच बोलत असतील तर ते. मॅडमना त्या मेलमध्ये जोडू नका. काम झालं की त्यांना स्वतंत्र दोन ओळींत कळवा.